फक्त कॉलेजचे प्रोजेक्ट असताना दोन मिनिटांत स्वतःची ओळख कशी करून द्यावी

मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘स्वतःबद्दल सांगा.’ नुकतंच शिक्षण संपलेली मुलं इथे बायोडेटाच म्हणून दाखवतात. नाव, गाव, दहावी-बारावीचे टक्के, वडील काय करतात, छंद. यातलं कामाचं सगळं समोरच्याच्या हातातल्या कागदावर असतंच. तुम्ही बोलत असता तेव्हा तो त्या कागदावर पुढचा प्रश्न शोधत असतो. तो प्रश्न तुम्हाला नीट येणाऱ्या गोष्टीवर यावा, एवढ्यासाठी ही दोन मिनिटं वापरायची.

उदाहरण घेऊ इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचं. अर्ज एम्बेडेड प्रोग्रॅमिंगच्या जागेसाठी आहे. अनुभव शून्य, प्रोजेक्ट दोन. मोठा प्रोजेक्ट म्हणजे मातीतल्या ओलाव्यानुसार ठिबकचं पाणी सुरू-बंद करणारं यंत्र. हा विषय इतका चालतो की नाव ऐकून कुणी मान वर करणार नाही.

आधी प्रोजेक्ट निवडा, एकच

दोन्ही प्रोजेक्ट सारख्या वेळात सांगायला गेलात तर दोन्ही वरवरचे होतात. निवडताना प्रोजेक्ट किती मोठा किंवा मार्क किती, हे बघू नका. कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: यातलं मी स्वतः काय केलं, काम कुठे अडलं, आणि सुटलं हे कशावरून कळलं. एखादी ओळ रिकामी राहिली तर दुसरा प्रोजेक्ट घ्या, मग तो तिसऱ्या वर्षातला छोटासा का असेना.

दुकानातून तयार आणलेला प्रोजेक्ट असेल तर या तीन ओळी भरतच नाहीत. तो स्वतः बनवल्याचं सांगू नका. ‘हीच पिन का घेतली?’ या एका प्रश्नात ते उघडं पडतं. त्यापेक्षा मुलाखतीआधी दोन-तीन दिवस काढून त्यातला एक भाग सुटा करा, बदला, मोजा आणि तेवढंच आपलं काम म्हणून सांगा.

वेळ वाटून घ्या

सुरुवातीला पंधरा सेकंद, प्रोजेक्टला सव्वा मिनिट, बाकी कामाला पंधरा सेकंद आणि ‘ही जागा का’ याला पंधरा. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणून एकूण मजकूर दोनशे शब्दांच्या आसपास ठेवा. अडखळायला आणि श्वास घ्यायलाही जागा लागते.

सव्वा मिनिटाचा भाग असा होईल:

‘शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी मातीतल्या ओलाव्यानुसार ठिबक सुरू-बंद करणारं यंत्र बनवलं. सेन्सरचं वाचन घेऊन ते वाय-फायवरून पाठवण्याचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. नुसता सेन्सर जोडून पाहिला तेव्हा सगळं ठीक होतं, पण वाय-फाय जोडलं की वाचन मिळेना. सेन्सर खराब असेल म्हणून बदलला, फरक पडला नाही. मग वाय-फाय बंद करून तोच प्रोग्रॅम चालवला, तर वाचन बरोबर आलं. म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात सापडलं की ईएसपी-३२ चिपमधला दुसरा एडीसी वाय-फायलाही लागतो, आणि आमची वायर त्याच्याच २५ नंबरच्या पिनवर होती. ती पहिल्या एडीसीच्या ३४ नंबरवर घेतली. मग रात्रभर वाय-फाय चालू ठेवून दर मिनिटाला वाचन नोंदवलं. एकही चुकलं नाही. यंत्र कुंडीवर तपासलंय, शेतात अजून नाही.’

यात ‘आम्ही’ आणि ‘मी’ कुठे आलेत ते बघा. यंत्र चौघांचं, प्रोग्रॅम तिचा. सगळीकडे ‘आम्ही’ म्हटलं की ‘मग तू काय केलंस?’ हा प्रश्न येतो आणि सुरुवातीलाच बचावाची पाळी येते. सगळीकडे ‘मी’ म्हटलं तर पंप आणि रिलेवरचे प्रश्नही तुमच्याच वाट्याला येतात.

अडचणीला इतका वेळ द्यायचा, कारण यंत्राचं वर्णन चौघंही करू शकतात. दोष कसा शोधला हे ज्याने शोधला तोच सांगतो. वाय-फाय बंद करून तोच प्रोग्रॅम चालवणं हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची सवय त्यातून दिसते. उलट ‘आयओटी, क्लाउड, मशीन लर्निंग वापरलं’ अशी यादी दिलीत, तर त्यातला तुम्हाला सगळ्यात कमी येणारा शब्दच नेमका उचलला जाण्याची भीती असते.

शेवटचं कुंडीचं वाक्य बरेच जण गाळतात आणि त्याजागी ‘शेतकऱ्याचं चाळीस टक्के पाणी वाचतं’ असं ठोकून देतात. पुढचा प्रश्न येतो, ‘मोजलं कसं?’ तिथे गाडी अडते. कुंडीवर तपासलं असेल तर कुंडीच म्हणा. मग ‘शेतात लावायचं तर काय बदलशील?’ असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर मात्र आधी तयार हवं: वीज गेल्यावर काय होईल, वाय-फाय पोचणार का, सेन्सर किती खोल पुरायचा.

सुरुवात आणि शेवट

सुरुवातीला नाव, शाखा, कॉलेज आणि कोणत्या कामात रस आहे एवढंच. टक्के विचारल्यावर सांगा. राहिलेले विषय असतील तर तेही विचारल्यावर, पण तेव्हा लपवू नका. दुसरा प्रोजेक्ट एका वाक्यात उरका. शेवटचं वाक्य जाहिरातीतल्या कामाला जोडा: ‘तुमच्याकडे सेन्सरच्या उपकरणांचं फर्मवेअर लिहिण्याचं काम आहे, मला तेच करायचंय.’ आणि थांबा. त्यापुढे ‘बस, एवढंच’ किंवा छंदांची शेपटी नको.

सराव

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. प्रोजेक्ट चाळिसाव्या सेकंदापर्यंत सुरूच झाला नसेल तर सुरुवात कापा. वाक्यं पाठ करू नका. पाठ करायचे ते चारच टप्पे: काय बनवलं, माझा भाग, अडचण, तपासणी. मित्राला मध्येच कुठेही प्रश्न टाकायला सांगा. उत्तर देऊन पुन्हा तिथूनच पुढे जाता आलं तर तयारी झाली. पहिल्या वाक्यापासून सुरू करावं लागलं तर ती घोकंपट्टीच आहे. मुलाखत इंग्रजीत असेल तर मराठी मजकुराचं भाषांतर करत बसू नका. हेच चार टप्पे घेऊन थेट इंग्रजीत, तुम्हाला सहज येणाऱ्या छोट्या वाक्यांत बोला.

एचआरच्या फेरीत पिनचे नंबर गाळा. तिथे ‘वाय-फाय आणि सेन्सर एकाच भागावर अडत होते, ते वेगळे केले’ एवढं पुरतं. वाचलेल्या वेळात चौघांनी काम कसं वाटून घेतलं आणि कुणाचं मागे पडलं तेव्हा काय केलं, ते सांगा.