उभ्या फुग्यात आडवी मराठी: मांगाचं पान हाती घेण्याआधी

मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, मजकूर सहसा वरून खाली लिहितात, म्हणून त्यातला संवादाचा फुगा उंच आणि अरुंद असतो. मराठी आडवी, त्यात ‘सांगितल्याप्रमाणे’सारखे शब्द एका दमात येतात. त्यामुळे वाक्य किती लांब आहे यापेक्षा त्यातला सर्वांत रुंद शब्द फुग्यात मावतो का, हे आधी बघायचं.

पानावरच्या फुग्यांना उजवीकडून डावीकडे क्रमांक द्या आणि प्रत्येकापुढे कोण कोणाशी बोलतंय ते लिहा. जपानीत कर्ता बरेचदा गाळलेला असतो आणि क्रियापदावरून लिंग कळत नाही. आपल्याला मात्र ‘बोलतोस’ की ‘बोलतेस’ हे ठरवावंच लागतं. पात्राची ओळख पुढच्या भागात उघड होणार असेल, तर क्रियापद टाळणारी रचना आत्ताच शोधून ठेवा.

मग फॉन्ट. ‘मर्जीं’च्या वरच्या ओळीत ‘कुठून’ टाइप करून बघा. वरचा ऊकार आणि खालचा रफार एकमेकांना भिडले, तर ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी मोठी अक्षरं असल्यामुळे ओळी दाटीनं बसतात. ते माप इथे चालत नाही. फोटोशॉप वापरत असाल तर World-Ready कंपोझर निवडलाय ना, ते तपासा. नाहीतर ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.

आता एक फुगा घेऊ. मूळ वाक्य ‘ओमाए, मादा सोन्ना कोतो इत्तेरु नो का?’ सरळ भाषांतर होईल, ‘तू अजूनही असलंच काहीतरी बोलतोयस का?’ फुग्याच्या रुंदीत जेमतेम चार-पाच अक्षरं मावतात, म्हणजे एकेका शब्दाची ओळ होऊन सहा ओळींचा मनोरा उभा राहतो. ‘अजून तेच पालुपद?’ हे तीन शब्दांत भागतं, लिंगाचा प्रश्नही मिटतो आणि ‘ओमाए’मधला तुसडेपणा ‘पालुपद’मध्ये उतरतो. पण ओळी पाडल्या की मधला ‘तेच’ सर्वांत आखूड, म्हणजे आकार डमरूचा. लंबगोल फुग्यात रुंद ओळ मध्ये हवी. इथे मराठीचा सैल शब्दक्रम कामी येतो:

अजून
पालुपद
तेच?

बोलताना आपण असं उलटं म्हणतोच, आणि प्रश्नचिन्हाचा जोर ‘तेच’वर पडतो. (मला हे मूळ क्रमापेक्षा जास्त आवडलं.)

शब्द जोडरेघ देऊन तोडू नका, एका फुग्यासाठी अक्षर बारीक करू नका आणि जागा उरली म्हणून मोठंही करू नका. वर-खाली राहिलेला पांढरा भाग तसाच ठेवा. मजकूर फुग्याच्या पोटाच्या मध्यावर घ्या, शेपटी मोजू नका. कडेपासून निदान एका अक्षराची जागा मोकळी हवी.

शेवटी पान छापील आकारात हाताच्या अंतरावर धरून वाचा. पडद्यावर मोठं करून बघितलेल्या पानात चिकटलेला अनुस्वार हमखास सुटतो.