चारीतल्या वेअरवरून विसर्ग कसा काढावा

चारीत किती पाणी वाहतंय हे मोजायचा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे पाण्याच्या वाटेत आडवी पत्र्याची प्लेट बसवून तिच्या आयताकृती खाचेवरून सगळं पाणी पाडणं. हाच शार्प-क्रेस्टेड वेअर. खाचेच्या खालच्या धारेपासून वरच्या बाजूच्या पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची म्हणजे हेड. हेड कळलं की विसर्ग दोन ओळींच्या गणितात निघतो. चुका होतात त्या गणितात नव्हे, हेड मोजताना.

उदाहरण म्हणून १.२ मीटर रुंदीची पक्की चारी घेऊ. मधोमध ०.६० मीटर लांबीची खाच आहे आणि तिची धार तळापासून ३० सेंटिमीटर उंच आहे. धार १ ते २ मिलिमीटर जाडीची हवी, तासलेला उतार पाणी पडतं त्या बाजूला आणि पाणी येतं त्या बाजूचा कोपरा टोकदार. हा कोपरा गंजून गोल झाला की पाणी सुळकन निसटतं आणि प्रत्यक्ष विसर्ग हिशेबापेक्षा जास्त असतो.

आधी मोजपट्टी बसवा. ती प्लेटवर कधीच लावू नका. धारेजवळ येताना पाणी खाली झुकतं आणि थेट धारेवर त्याची जाडी खऱ्या हेडच्या साधारण ८५ टक्केच उरते. म्हणून सर्वांत जास्त अपेक्षित हेडच्या चौपट अंतर वरच्या बाजूला सरका. १४ सेंटिमीटर हेडसाठी ५६, म्हणजे ६० सेंटिमीटर धरा. पट्टीचा शून्य बरोबर धारेच्या पातळीला हवा. त्यासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी पुरते. धारेवरून पाणी पडायचं थांबलं तिथे शून्य मानायचा मोह होतो, पण पृष्ठताणामुळे पाणी धारेच्या किंचित वर थोपून राहतं आणि तेवढी चूक प्रत्येक मोजणीत कायमची शिरते.

पाणी सोडल्यावर पातळी स्थिर होऊ द्या. लाटा असतील तर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून त्याच्या आतली पातळी वाचा. आता खाली वाकून धारेवरून पडणारं पाणी बघा. ते प्लेटपासून सुटून पडायला हवं, मागे हवा दिसली पाहिजे. ते प्लेटला चिकटून ओघळत असेल किंवा खालच्या बाजूचं पाणी धारेच्या पातळीपर्यंत चढलं असेल, तर त्या वाचनावर हे सूत्र लावू नका. खालचं पाणी धारेपेक्षा निदान ५ सेंटिमीटर खाली असावं.

समजा हेड आलं ०.१४ मीटर. अमेरिकेतल्या लोवेल इथे जेम्स फ्रान्सिस यांनी १८५२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून आलेलं सूत्र असं. त्यात Q म्हणजे विसर्ग, L म्हणजे खाचेची लांबी आणि H म्हणजे हेड, दोन्ही मीटरमध्ये:

```
Q = 1.84 × (L − 0.2H) × H^1.5
```

कंसातली वजाबाकी दोन्ही कडांनी पाणी आत आकसतं त्याबद्दलची आहे. खाच चारीच्या पूर्ण रुंदीची असेल तर ती करायची नाही. ०.१४ चा दीड घात म्हणजे ०.१४ गुणिले त्याचं वर्गमूळ, साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो.

```
L − 0.2H = 0.60 − 0.028 = 0.572
H^1.5 = 0.14 × 0.3742 = 0.0524
Q = 1.84 × 0.572 × 0.0524 = 0.055 m³/s
```

म्हणजे सेकंदाला ५५ लिटर, जवळपास १.९५ क्युसेक. तासाला साधारण १९८ घनमीटर. हेक्टरभर रानावर ६ सेंटिमीटर पाणी द्यायला ६०० घनमीटर लागतात, तेव्हा वाटेतली गळती सोडली तर तीन तास. हेच हेड प्लेटवर मोजलं असतं तर १२ सेंटिमीटर आलं असतं आणि विसर्ग ४४ लिटर. पाचवा हिस्सा पाणी कागदावरून गायब!

सूत्र इथे चालतं, कारण खाचेच्या दोन्ही बाजूंना आणि धारेखालीही हेडच्या दुपटीहून जास्त जागा आहे, आणि हेड लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहे. वरच्या बाजूला गाळ साचला की धारेखालची जागा घटते, येणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो आणि उत्तर कमी येऊ लागतं. म्हणून पाळी सुरू होण्याआधी गाळ काढा, धारेत अडकलेलं गवत आणि प्लास्टिक हाताने सोडवा.

पाणी फार कमी असेल तर ही खाच कामाची नाही. सेकंदाला ८ लिटरला हेड जेमतेम ३.८ सेंटिमीटर येतं. एवढ्या पातळ थरात पडणारं पाणी प्लेटला चिकटतं, आणि वाचनात २ मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर उत्तर आठ टक्क्यांनी हलतं. अशा ठिकाणी ९० अंशांचा व्ही-नॉच लावा. त्याचं सूत्र Q = 1.38 × H^2.5. त्याच ८ लिटरला इथे हेड १२.७ सेंटिमीटर येतं आणि तेवढीच वाचनचूक चार टक्क्यांवर येते.