वेबिनारनंतरचा मेल: शुक्रवारपासून रविवार सकाळपर्यंतची तयारी

आमचं ऑफिस ठाण्यात नौपाड्याला, आणि काम सोसायट्यांच्या अभिहस्तांतरणाचं, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं. या विषयावर आम्ही अधूनमधून शनिवारी संध्याकाळी वेबिनार घेतो. येणारे बहुतेक सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि खजिनदार, त्यातले निम्मे तरी निवृत्त. वेबिनारनंतरचा मेल रविवारी सकाळी साडेआठच्या आत गेला पाहिजे. कमिटीची बैठक बहुतेक ठिकाणी रविवारी दहा-अकराला भरते. तेव्हा मेल हातात असला तर विषय त्याच दिवशी निघतो, सोमवारी आला तर पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहतो. एका रात्रीत हे जमायचं तर अर्धा मेल शुक्रवारीच लिहून ठेवा.

शुक्रवारी आधी ठरवायचं ते शेवटचं वाक्य, म्हणजे मेल वाचून माणसाने करायचं एक काम. आमच्या पहिल्या मेलमध्ये अशी चार कामं होती: अभिप्रायाचा फॉर्म भरा, ग्रुपमध्ये या, भेटीची वेळ घ्या, कागदपत्रं पाठवा. फॉर्म थोड्यांनी भरला, बाकी काहीच झालं नाही. आता एकच काम देतो: सोसायटीच्या जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा, मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा आणि याच मेलला उत्तर म्हणून ते कळवा. हे काम एकट्या सेक्रेटरीला, सभा न बोलावता, घरबसल्या करता येतं. ज्या कामाला सभेचा ठराव लागतो ते पहिल्या मेलमध्ये मागू नका. ठरलेलं काम वक्त्यालाही शुक्रवारीच सांगा, म्हणजे तो वेबिनारमध्ये प्रॉपर्टी कार्ड स्क्रीनवर उघडून नावाचा रकाना दाखवेल.

शनिवारी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तसं तोंडी सांगा आणि फक्त वक्ता व स्लाइड दिसतील अशी मांडणी ठेवा. क्लाउडवरचं रेकॉर्डिंग तयार व्हायला कार्यक्रमाच्या दुप्पट वेळ सहज लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून एक प्रत लॅपटॉपवरही घ्या. रात्री सुरुवातीची ‘आवाज येतोय का’ची मिनिटं कापा. प्रश्नोत्तरांत कोणी शेजाऱ्याचं नाव घेऊन थकबाकीची तक्रार केली असेल, तर तेवढा तुकडाही काढा.

एक माणूस फक्त प्रश्न टिपायला बसवा: प्रश्न, विचारणाऱ्याचेच शब्द आणि घड्याळातली वेळ. माझ्या मते या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे, कारण मेलमधले मुद्दे स्लाइडवरून उचलायचे नसतात, या वहीतून काढायचे असतात. स्लाइडवर असतं ‘मानीव अभिहस्तांतरण: कायदेशीर चौकट’. वहीत असतं ‘ओसी नाही, आमचं होणारच नाही ना?’, आणि तेही तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेलं. रविवारी कमिटीत हाच प्रश्न उठणार, म्हणून पहिला मुद्दा त्याच्या उत्तराचा. मुद्दे तीनच घ्या आणि प्रत्येकाशेजारी रेकॉर्डिंगमधलं मिनिट द्या. यूट्यूबच्या दुव्याला सेकंद जोडले की व्हिडिओ थेट तिथूनच सुरू होतो. २४ मिनिटं ३५ सेकंदांसाठी दुव्याच्या शेवटी `?t=1475` येतं, आणि दुव्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर `&t=1475`. मिनिटं कापाकापीनंतरच्या फाइलवरून मोजा. वहीतली वेळ तशीच टाकली तर दुवा भलत्याच प्रश्नावर उघडतो.

आमचा मेल साधारण असा जातो. विषय: ‘कालच्या वेबिनारचं रेकॉर्डिंग, आणि या आठवड्यातलं एक काम’. मग मजकूर:

‘नमस्कार. काल वेळ काढून आलात, आभार. रेकॉर्डिंग इथे आहे. बैठकीत हे तीन मुद्दे उपयोगी पडतील. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून थांबू नका. स्वयंघोषणापत्र जोडून अर्ज करता येतो (२४:३५ पासून). बिल्डर सही देत नसेल तर १९६३च्या मोफा कायद्याच्या कलम ११ खाली सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे स्वतः अर्ज करता येतो (३८:१०). सभासदांचे जुने करार आताच गोळा करा; मुद्रांक शुल्क कमी भरलेला करार निघाला तर काम तिथे अडतं (५१:२०). आता एक काम: जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि मालक म्हणून कोण दिसतं ते या मेलला उत्तर म्हणून कळवा. ‘बिल्डर’, ‘मूळ जमीनमालक’ किंवा ‘सोसायटी’, एवढं लिहिलंत तरी पुरे.’

याहून लांब नको. बरेच जण मेल फोनवर वाचतात आणि तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर चिकटवतात. म्हणूनच मुद्दे चित्रात घालू नका, साध्या अक्षरांत लिहा. स्लाइडची फाइलही जोडू नका, मागेल त्याला पाठवा.

वक्त्याच्या तोंडून काही चुकीचं गेलं असेल तर दुरुस्ती रेकॉर्डिंगच्या दुव्याच्या वर लिहा, खाली नाही. एकदा आमच्या वक्त्याने अर्ज ‘सहनिबंधकांकडे’ करायचा असं दोनदा म्हटलं. आम्ही मेलच्या पहिल्या ओळीत लिहिलं की अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा आहे, रेकॉर्डिंगमधला उल्लेख चुकीचा आहे. ही ओळ नसती तर कोणीतरी अर्ज घेऊन भलत्याच कार्यालयात गेलं असतं.

मग यादी. हजेरीच्या अहवालात एकच माणूस तीनदा दिसतो, कारण नेट गेलं की तो पुन्हा आत येतो. ईमेलवरून नावं एकत्र करा. नोंदणी करून न आलेल्यांना ‘आलात, आभार’ लिहू नका. त्यांची पहिली ओळ वेगळी: ‘काल भेट झाली नाही, पण जे झालं ते इथे आहे’. बाकी मजकूर तोच. सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये तर कधीच टाकू नका. मेल मर्ज नसेल तर ‘बीसीसी’ वापरा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांच्या आसपास मर्यादा असते, यादी मोठी असेल तर आधीच विचार करा.

पाठवण्याआधी दुवा परक्याच्या नजरेने उघडून बघा. एका रविवारी आम्ही ड्राइव्हचा दुवा पाठवला आणि परवानगी फक्त ऑफिसच्या खात्यांनाच होती. आमच्या प्रत्येकाच्या फोनवर तो नीट उघडत होता, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. दहा वाजेपर्यंत इनबॉक्स ‘प्रवेश द्या’च्या विनंत्यांनी भरला, आणि तोवर बैठका सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून दुवा इनकॉग्निटो खिडकीत उघडतो आणि शिवाय घरच्या कोणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून. यूट्यूबवर टाकलं असेल तर ‘अनलिस्टेड’ ठेवा. ‘प्रायव्हेट’ ठेवलं तर दुवा असूनही उघडत नाही. स्वतःला पाठवलेल्या चाचणीच्या मेलमध्ये तिन्ही मिनिटांचे दुवे दाबून बघा आणि त्याला उत्तर देऊन ते कुठे पोचतं तेही बघा. ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून उत्तर मागण्यात अर्थ नाही.

मेल गेल्यावर किती जणांनी उघडला या आकड्याकडे फार बघू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१पासून अशी सोय आहे की माणसाने मेल न वाचताही तो उघडल्याची नोंद होते. आम्ही मोजतो ती उत्तरं. एक साधी शीट ठेवा: सोसायटी, कार्डावरचं नाव, उत्तराची तारीख. ‘कार्ड सापडत नाही’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन करा. बहुधा सेक्रेटरीकडे सिटी सर्व्हे नंबर नसतो आणि तो इमारतीचा पत्ता टाकून शोधत बसलेला असतो. त्याला सदनिकेच्या खरेदी कराराच्या शेवटी जमिनीच्या वर्णनाचं परिशिष्ट उघडायला सांगा, नंबर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.