अभ्यासाच्या वेळी मुलांचे स्मार्टवॉच शांत ठेवताना घरचा तातडीचा फोन कसा सुरू ठेवावा

अभ्यासाला बसताना मुलांचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याची पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे, पण मनगटावरचे घड्याळ तसेच राहते आणि फोनवर येणारा प्रत्येक मेसेज तिथे थरथरून कळतो. यावर बहुतेक पालक दोनपैकी एक उपाय करतात. घड्याळ काढून ठेवायला सांगतात किंवा ते बंदच करून टाकतात. दोन्हीमुळे शांतता मिळते, पण त्या वेळेत घड्याळावर घरचा तातडीचा फोनही येत नाही, आणि मुलाचा फोन दुसऱ्या खोलीत सायलेंटवर पडलेला असेल तर तो कोणालाच कळत नाही. घड्याळातल्या फोकस मोडने ही अडचण सुटते, मात्र त्यासाठी तो नुसता चालू करून भागत नाही. कोणाचा फोन आत येऊ द्यायचा हे त्याला नेमके सांगावे लागते.

येथे आयफोनला जोडलेले अ‍ॅपल वॉच गृहीत धरून पायऱ्या दिल्या आहेत आणि शेवटी अँड्रॉइडसाठी काय बदलते ते सांगितले आहे. आयओएसच्या आवृत्तीनुसार पर्यायांची जागा थोडी बदलू शकते. उदाहरणासाठी कोथरूडमध्ये राहणारी दहावीची एक विद्यार्थिनी घेऊ. ती संध्याकाळी ७ ते ९.३० अभ्यास करते, आई हिंजवडीहून त्याच वेळात परतत असते, बाबा बहुधा प्रवासात असतात, आजी साताऱ्याला असते आणि घराची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते.

सर्वांत आधी कागदावर नावे लिहा. अभ्यास चालू असताना ज्यांचा फोन घेतलाच पाहिजे अशी माणसे कोण, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. आपल्या उदाहरणात आई, बाबा, आजी आणि काकू ही चार नावे येतात. माझ्या मते यादी चारपाचांच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण एकदा मावशी, आत्या आणि क्लासचे सर त्यात आले की ती पुन्हा रोजच्या गप्पांची यादी होते.

आता या चौघांची नावे फोनच्या संपर्क यादीत उघडून पाहा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका, कारण व्यवस्था फसते ती बहुतेक वेळा इथेच. आपल्याकडे एका माणसाकडे दोन सिम असणे नेहमीचे आहे. आईचा एक नंबर ‘आई’ या नावाने जतन केलेला असतो, तर ऑफिसचा दुसरा नंबर ‘आई नवीन’ अशा वेगळ्या नावाने पडून राहतो किंवा जतनच केलेला नसतो. फोकस मोडमध्ये परवानगी मिळते ती संपर्काला. त्यामुळे आईने गाडीत बसून दुसऱ्या सिमवरून फोन केला, तर घड्याळाच्या दृष्टीने तो परका फोन ठरतो. म्हणून प्रत्येक माणसाचे सगळे नंबर एकाच नावाखाली आणा आणि जादा नोंदी काढून टाका.

यानंतर मुलीच्या आयफोनवर Settings मध्ये जाऊन Focus उघडा, वरच्या कोपऱ्यातले अधिकचे चिन्ह दाबा आणि Custom निवडून त्याला ‘अभ्यास’ असे नाव द्या. People या भागात Allow Notifications From निवडून ती चार नावे घाला. त्याच भागात Allow Calls From असा वेगळा पर्याय असतो. तो Allowed People Only वर ठेवा. Contacts Only निवडले तर संपर्क यादीतल्या सगळ्या मैत्रिणींचे फोन आत येतील. Apps या भागात एकही अ‍ॅप घालू नका, आणि तिथला Time Sensitive Notifications हा पर्यायही बंद ठेवा. शेवटी Add Schedule मध्ये Time निवडून संध्याकाळी ७ ते ९.३० ही वेळ आणि अभ्यासाचे वार ठरवून द्या, म्हणजे मोड रोज हाताने चालू करावा लागणार नाही.

People मध्येच Allow Repeated Calls हा पर्याय असतो आणि तो चालू ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. एकाच नंबरवरून तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला, तर तो यादीत नसला तरी वाजू देण्याचे काम हा पर्याय करतो. आईच्या फोनची बॅटरी संपली आणि तिने सहकाऱ्याच्या फोनवरून संपर्क साधला, किंवा रस्त्यात काही झाले आणि अनोळखी माणसाने घरी कळवायला फोन केला, तर हाच एक मार्ग उरतो. अर्थात तो मार्ग उपयोगी पडावा यासाठी घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे की तातडीचे काम असेल तर एकदा रिंग देऊन थांबायचे नाही, लगेच दुसऱ्यांदा लावायचा. तसेच फोनच्या सेटिंगमध्ये Silence Unknown Callers चालू असेल, किंवा स्पॅम अडवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपने अनोळखी नंबर बंद केलेले असतील, तर असा फोन वाजण्याआधीच अडेल, हेही तपासून घ्या.

आई आणि बाबा या दोघांसाठी आणखी एक पायरी आहे. संपर्क यादीत आईचे नाव उघडून Edit दाबा, Ringtone मध्ये जा आणि Emergency Bypass चालू करा. ही परवानगी फोकस मोडला जोडलेली नसून त्या संपर्कालाच जोडलेली असते. त्यामुळे मुलीने अभ्यासाऐवजी चुकून झोपेचा मोड लावला किंवा फोन सायलेंटवर राहिला तरी आईचा फोन वाजतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: हाच फोन वर्गात, ग्रंथालयात किंवा नाट्यगृहात दप्तरातूनही मोठ्याने वाजेल. म्हणून ही सवलत दोघांपुरतीच ठेवावी आणि त्या दोघांनीही ‘जेवायला काय करू’ एवढे विचारण्यासाठी अभ्यासाच्या वेळेत फोन करू नये.

आता घड्याळाकडे वळू. आयफोनवरच्या Watch अ‍ॅपमध्ये General खाली Focus आहे. तिथे Mirror my iPhone चालू असेल तर फोनवरचा मोड घड्याळावर आपोआप लागतो आणि घड्याळात वेगळे काही भरावे लागत नाही. दोन लहान गोष्टी मात्र अवश्य करा. पहिली, Watch अ‍ॅपच्या Notifications मध्ये Notifications Indicator बंद करा, कारण न वाचलेल्या मेसेजचा तो लाल ठिपका डायलवर दिसत राहिला तर आवाज नसतानाही मन तिकडे ओढले जाते. दुसरी, ‘अभ्यास’ मोडच्या Customize Screens मधून फक्त वेळ दाखवणारी साधी डायल निवडा, म्हणजे वेळ पाहायला मनगट वळवले की वेळच दिसेल. फोकस मोड सूचना थांबवतो, घड्याळातली अ‍ॅप बंद करत नाही. त्यामुळे एखादा खेळ घड्याळात असेल तर तो काढून टाकणेच बरे.

सेल्युलर सेवा नसलेले घड्याळ फोन घेते ते जोडलेल्या आयफोनमार्फत, म्हणून आयफोन चालू आणि जवळपास असणे आवश्यक आहे. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे, लोखंडी कपाटात ठेवलेल्या फोनशी ब्लूटूथ टिकेलच असे नाही. संपर्क तुटला की घड्याळाच्या डायलवर आडवी रेघ मारलेल्या फोनचे लाल चिन्ह दिसते. मुलीला हे चिन्ह एकदा दाखवून ठेवा आणि फोन दिवाणखान्यात, उघड्या जागी ठेवा.

एवढे झाल्यावर मोड चालू करून, फोन त्याच्या नेहमीच्या जागी आणि घड्याळ मनगटावर ठेवून, प्रत्यक्ष फोन लावून पाहा. आईच्या दोन्ही सिमवरून एकेक फोन करा. दोन्ही घड्याळावर आले पाहिजेत. मग एखाद्या मैत्रिणीला फोन आणि मेसेज करायला सांगा. घड्याळ शांत राहिले पाहिजे. शेवटी यादीत नसलेल्या नंबरवरून एकदा फोन करून कट करा आणि लगेच पुन्हा लावा. पहिला शांत राहून दुसरा वाजला तर व्यवस्था बरोबर बसली. आईचा एकाच सिमवरचा फोन आला नाही तर दोष संपर्काच्या नोंदीत असतो. काहीच येत नसेल तर आधी ते लाल चिन्ह पाहा. ही चाचणी नेहमीच्या फोन कॉलनेच करा. व्हॉट्सअ‍ॅप कॉल हे वेगळ्या अ‍ॅपचे काम असल्याने तातडीसाठी त्यावर विसंबू नये, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.

मुलीला स्वतःहून मदत मागायची असेल तर फोकस मोडचा अडथळा येत नाही. घड्याळाचे बाजूचे बटण दाबून धरले की आणीबाणीच्या कॉलचा पर्याय येतो, आणि भारतात ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. Health अ‍ॅपमधल्या Medical ID मध्ये आईबाबांचे नंबर आणीबाणीचे संपर्क म्हणून भरले असतील, तर अशा कॉलनंतर त्यांना ठिकाणासह संदेशही जातो.

ज्या मुलांकडे स्वतःचा आयफोन नाही आणि ज्यांचे घड्याळ पालकांच्या आयफोनवरून कुटुंबासाठी लावलेले आहे, त्यांच्यासाठी Schooltime हा मोड आहे. पालकांच्या Watch अ‍ॅपमध्ये मुलाचे घड्याळ निवडून त्याचे वेळापत्रक भरता येते. हा मोड फोकसपेक्षा कडक आहे: अ‍ॅप वापरता येत नाहीत, वेगळी पिवळी डायल दिसते आणि Do Not Disturb लागतो. मुलाला त्यातून बाहेर पडता येते, पण बाहेर पडल्याची नोंद पालकांना दिसते. शाळेच्या तासांसाठी तो योग्य आहे. घरच्या अभ्यासासाठी वापरायचा असेल तर येणारे फोन शांत राहतील असे धरून चाला आणि वरची चाचणी करून पाहिल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका.

अँड्रॉइड फोनवर हेच काम Do Not Disturb मधून होते. त्या चार संपर्कांना तारांकित करून फोनची परवानगी फक्त तारांकित संपर्कांना द्यावी आणि पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी देणारा पर्याय चालू ठेवावा. येथे दोन फोनमधली मुदत १५ मिनिटांची आहे. ब्लूटूथ कॉलिंगची स्वस्त घड्याळे मात्र फोनचा मोड नेहमी पाळत नाहीत, आणि घड्याळातला स्वतःचा डू नॉट डिस्टर्ब लावला तर आईच्या फोनचीही थरथर बंद होऊ शकते. अशा घड्याळाचा तो मोड बंदच ठेवावा, त्याच्या अ‍ॅपमधील सूचनांच्या यादीतून व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम वगैरे काढून फक्त फोन कॉल ठेवावा आणि वरच्या चाचणीतले तिन्ही प्रकारचे फोन लावून पाहावेत. फोन बदलला, कोणी नवे सिम घेतले किंवा घड्याळाचे सॉफ्टवेअर अपडेट झाले, की त्याच संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी ही चाचणी पुन्हा करावी.