धुराचे हूड आणि एस्केप मास्क: या चुका टाळा

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या मीटर रूमला आग लागली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. आग छोटी होती, बंबवाल्यांनी दहा मिनिटांत विझवली. पण केबलच्या डक्टमधून धूर वर चढला आणि जिना भरून गेला. नवव्या मजल्यावरच्या काकांकडे मास्क होता. फर्निचर पॉलिश करताना वापरायचा, दोन्ही बाजूंना गोल कार्ट्रिज असलेला रबरी मास्क. तो लावून ते जिना उतरायला निघाले आणि तिसऱ्या मजल्यावर भिंतीला धरून खाली बसले. "वास येतच नव्हता गं, म्हणून म्हटलं सगळं ठीक आहे," असं ते नंतर मला म्हणाले.

खाली आणल्यावर कुणीतरी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण काकांचं डोकं फुटायला आलं होतं आणि त्यांना उलटी होत होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ऑक्सिमीटरकडे पाहिलंही नाही. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि थेट ऑक्सिजन सुरू केला. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही. त्यामुळे धुरात सापडलेल्या माणसाचा आकडा चांगला दिसला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच.

काका बरे झाले. पण त्यांचा मास्क माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो मोडका नव्हता. त्याने त्याचं काम चोख केलं होतं, आणि त्यामुळेच ते फसले.

पहिली चूक: जळजळ थांबली म्हणजे हवा चांगली झाली, असं मानणं

घरातल्या आगीच्या धुरात तीन प्रकारची पीडा असते. पहिली काजळी, म्हणजे कण. दुसरी डोळे-घसा जाळणारे वायू: लाकूड आणि तेल जळताना निघणारं अ‍ॅक्रोलिन, वायरच्या पीव्हीसीतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड. तिसरे गुंगी आणून मारणारे वायू: कार्बन मोनॉक्साइड, आणि सोफा-गादीच्या फोममधून निघणारा हायड्रोजन सायनाइड.

एन-९५ मास्क किंवा ओला पंचा काजळी बऱ्यापैकी अडवतो. ओल्या कापडात पाण्यात विरघळणारे वायू थोडेफार अडकतात. पॉलिशवाल्याच्या कार्ट्रिजमधला सक्रिय कोळसा सॉल्व्हंटची वाफ आणि असे बरेच झोंबणारे वायू धरून ठेवतो. पण कार्बन मोनॉक्साइड यांतल्या प्रत्येकातून सरळ आत येतो, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही. धूर झोंबतो म्हणून माणूस मागे फिरतो, दार लावून घेतो. मास्कने झोंबणं तेवढं काढून टाकलं की तो पुढे चालत राहतो. हवेत या वायूचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेलं, तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते.

कारखान्यातल्या कार्ट्रिजवर ए, बी, ई, के अशी अक्षरं असतात. चारही अक्षरं असली तरी कार्बन मोनॉक्साइड त्यांत येत नाही.

आगीतून सुटण्यासाठी बनवलेला हूड म्हणजे डोकं आणि मान झाकणारं, पुढे फिल्टर असलेलं टोपडं. त्याच्या फिल्टरमध्ये वेगळा थर असतो. त्याला हॉपकलाइट म्हणतात. हे मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडचं मिश्रण. पहिल्या महायुद्धाच्या काळात जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतल्या मंडळींनी ते तयार केलं, दोन्ही नावांचे तुकडे जोडून त्याचं नाव पडलं. हा थर कार्बन मोनॉक्साइड धरून ठेवत नाही, हवेतल्याच ऑक्सिजनशी जोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतो.

म्हणून खोक्यावर 'फायर', 'स्मोक', 'गॅस' असं काहीही छापलेलं असो, मी एकच गोष्ट शोधते: कार्बन मोनॉक्साइडसाठी चाचणी झाल्याचा स्पष्ट उल्लेख आणि मानकाचा क्रमांक. युरोपचं मानक ईएन ४०३, अमेरिकेचं एएसटीएम ई २९५२. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे चंदेरी चिनी हूड 'टीझेडएल ३०' अशा नावाने येतात, त्यांच्यासाठी जीबी २१९७६.७ हे मानक आहे. क्रमांक नसलेला हूड घेऊ नका, आणि क्रमांक असला तरी खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण हा माल घरी तपासून पाहता येत नाही.

दुसरी चूक: गरम हवा आली म्हणून हूड ओढून काढणं

वर सांगितलेल्या प्रक्रियेत उष्णता निघते. धुरात कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितका फिल्टर तापतो आणि तोंडात येणारी हवा गरम, कोरडी लागते. श्वास ओढायलाही जोर लागतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, हूड बिघडला, आपण गुदमरतोय, आणि तो नेमक्या सर्वांत वाईट जागी हूड काढून टाकतो. गरम हवा आली याचा अर्थ थर काम करतोय आणि बाहेरची हवा घातक आहे. घरातल्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा. ज्यांना दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे, त्यांना हा जोर पेलेल का, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

तिसरी चूक: हूड पहिल्यांदा आगीतच उघडणं

मी मुदत संपलेला एक हूड सरावासाठी मिळवला आणि घड्याळ लावून घातला. पहिल्या वेळी दीड मिनिट गेलं. खोकं उघडलं, पाकीट फाडलं आणि हूड थेट डोक्यावर ओढला. श्वासच येईना. अशा बऱ्याच हूडच्या फिल्टरला पुढून आणि मागून दोन रबरी बुचं असतात, दोन्ही आधी काढायची असतात. मी बाहेरचं काढलं होतं, आतलं तसंच होतं. खोलीत दिवे लागलेले, धूर नाही, घाई नाही, तरी ही गत.

आता आमच्याकडे क्रम पाठ आहे: पाकीट फाडा, दोन्ही बुचं काढा, केस मागे घ्या, हूड डोक्यावरून खाली ओढा, आतला छोटा मुखवटा नाका-तोंडावर बसवा, पट्टा खेचा. मानेभोवती ओढणी, कॉलर किंवा मोकळी वेणी अडकली तर तिथून धूर आत येतो. दाट दाढीवर आतला मुखवटा नीट बसत नाही. चौथ्या सरावात माझी वेळ पंचवीस सेकंदांवर आली. सरावाचा हूड वेगळा आणि खरा वेगळा ठेवा. खऱ्याचं पाकीट एकदा फाटलं की तो संपला, कारण हॉपकलाइट दमटपणाने निकामी होतो.

यावरून साठवणीचंही सांगते. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, म्हणून हवाबंद पाकिटाला बारीक छिद्र पडलेलं नाही ना हे दर सहा महिन्यांनी हाताने चाचपून पाहा. व्हॅक्यूमचं पाकीट फुगलेलं किंवा सैल लागलं तर हूड बाद. माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मुदत छापलेली असते, ती संपली की नवा घ्या.

चौथी चूक: खोक्यावरच्या मिनिटांवर भरवसा ठेवणं

ईएन ४०३ मध्ये किमान पंधरा मिनिटं धरली आहेत. ती प्रयोगशाळेत ठरावीक वेगाने हवा ओढून मोजलेली असतात. जिना उतरताना, घाबरलेल्या माणसाचा श्वास त्याहून वेगाने चालतो.

आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. मी एकटी चालत खाली यायला चार मिनिटं लागतात. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. तिच्यासोबत रविवारी सकाळी उतरून पाहिलं, तर अकरा मिनिटं लागली, आणि तो दिव्यांच्या उजेडातला रिकामा जिना होता. हूड घालायला मिनिटभर धरलं तर बारा झाली. अंधार, धूर आणि माणसांची गर्दी यांसाठी तीन मिनिटं उरतात. त्यामुळे आमचं ठरलं: आईला घेऊन तळापर्यंत जायचं नाही. आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेली मोकळी जागा. तिथवर सहा मजले, साधारण पाच मिनिटं. असा हिशेब घरोघरी वेगळा येईल. एकदा चालून पाहा.

घालायला लागणाऱ्या वेळाचा प्रश्न तज्ज्ञांनीही फार गंभीरपणे घेतला आहे. १९८५ साली मँचेस्टरच्या धावपट्टीवर विमानाला आग लागून ५५ जण गेले, बहुतेक धुराने. त्यानंतर प्रवाशांना हूड द्यावेत का याचा अभ्यास झाला, आणि ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने ते सक्तीचे केले नाहीत. हूड घालण्यात बाहेर पडायला उशीर होईल आणि त्यात जास्त जीव जातील, ही त्यातली मोठी भीती होती. घरालाही हेच लागू आहे. आग आपल्याच घरात असेल तर हूड शोधायचा नाही. माणसं बाहेर काढायची, दार मागे ओढून बंद करायचं.

पाचवी चूक: हूड घालून बसून राहणं

हूड ऑक्सिजन तयार करत नाही, असलेली हवा फक्त गाळतो. हवेतला ऑक्सिजन साधारण १७ टक्क्यांखाली गेला तर तो कामाचा नाही, आणि बंद खोलीत आग पेटली की तसं होतं. ज्वाळांच्या उष्णतेपासूनही तो वाचवत नाही. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले, त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते आणि गुदमरले. खिडकी नसलेली न्हाणीघरं आसऱ्याची जागा नव्हेत, हूड घालूनही नव्हेत.

जिन्यात दाट धूर असेल आणि घरात नसेल, तर घरातच थांबा. मुख्य दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का पाहा. दार बंद ठेवा, खालच्या फटीला ओले टॉवेल ठासा, रस्त्याकडच्या खिडकीत किंवा गॅलरीत या, १०१ ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. हूड जवळ ठेवा, पण तो घालून धुरात शिरू नका. धूर घरात घुसू लागला, किंवा बंबवाल्यांनी उतरायला सांगितलं, तर तो घाला.

मग घ्यावा का?

तिसऱ्या मजल्यापर्यंत राहणाऱ्यांना मी घ्या म्हणणार नाही. त्या पैशात दोन धुराचे अलार्म घ्या, एक झोपायच्या खोलीबाहेर, एक हॉलमध्ये. स्वयंपाकघरात लावला तर फोडणीला वाजतो आणि मग कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. वर राहणाऱ्यांनीही अलार्म आधी घ्यावा, कारण झोपेत असलेल्या माणसाला हूडचा काहीच उपयोग नाही. जिन्यातल्या सायकली, चपलांचे रॅक आणि कुंड्या हलवायला सोसायटीच्या मागे लागा. अंधारात, हूडच्या छोट्या काचेतून त्या दिसत नाहीत.

हे झाल्यावर, आठव्या-दहाव्या मजल्यावर, एकच जिना असलेल्या इमारतीत राहत असाल, किंवा कामासाठी सतत हॉटेलांत मुक्काम असेल, तर हूड घेण्यात अर्थ आहे. माणशी एक घ्या. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा हूड बसत नाही, मुलांसाठी चाचणी झालेला मिळाला नाही तर त्यांचा बेत दार लावून घरात थांबण्याचाच ठेवा.

आमचे तीन हूड मुख्य दारामागच्या खुंटीवर टांगलेले आहेत, शेजारी टॉर्च. काकांनीही नवीन घेतला. पॉलिशचा मास्क आता पॉलिशच्या डब्यापाशी असतो, आणि त्यावर त्यांनी मार्करने लिहिलंय: आगीसाठी नाही.