एकाच लेखाचे तीन सारांश: वाक्य, परिच्छेद, पान

आमच्या बडोद्यात मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्यांना हे काम हमखास मिळतं: जुन्या मासिकातल्या लेखाचे फोटो काढायचे आणि त्यावरून तीन सारांश करायचे. मी केलेला लेख चार पानांचा होता, विषय बडोदे संस्थानातलं सक्तीचं शिक्षण आणि ग्रंथालयं.

फोटो काढल्यावर लगेच, अंक हातात असतानाच, दोन गोष्टी पाहा. जाड बांधणीच्या अंकात आतल्या कडेची अक्षरं खाचेत जातात, ती फोटोत दिसतात का? आणि पान क्रमांक व तळटीपा चौकटीत आल्या का? शाई पसरलेल्या जुन्या छपाईत १ आणि ९ सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक साल मूळ पानावरून वहीत लिहून घ्या.

पुष्कळ जण आधी पान लिहितात, ते कापून परिच्छेद करतात आणि परिच्छेद कापून वाक्य. मला हे पटत नाही. कापत गेलं की पहिलं वाक्य तेवढं उरतं, आणि ते बहुधा प्रस्तावनेचं असतं. 'या लेखात सयाजीरावांच्या शैक्षणिक कार्याची माहिती दिली आहे' हे वाक्य लेख न वाचताही लिहिता येतं. लेख दोनदा वाचा, फोटो बंद करा आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात लिहा. माझं असं झालं:

'बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तरी शाळा सुटलेली मुलं वाचणं विसरू नयेत म्हणून पुढे गावोगाव ग्रंथालयं काढावी लागली, असं लेखकाचं म्हणणं आहे.'

यातला 'तरी' जपायचा. लेखाचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दावर उभा आहे.

परिच्छेद शंभर-सव्वाशे शब्दांचा. त्यात वाक्यामागची कारणं येतात: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग झाला, मग तो संस्थानभर नेला, आणि १९१० मध्ये अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांच्याकडे ग्रंथालयांचं काम सोपवलं. अमरेली गाळली तर सक्ती एका फर्मानाने एका दिवसात आली असं वाटतं, म्हणून ती ठेवायचीच. बॉर्डन यांचं शिक्षण कुठे झालं हे मात्र इथे नको.

पान साधारण तीनशे शब्दांचं, आणि ते लेखाच्या क्रमाने लिहायचं. लेखकाने स्वतःच घातलेली मर्यादा इथे आलीच पाहिजे. माझ्या लेखात ती तळटीपेत होती: ग्रंथालय निघालं म्हणजे गाव वाचू लागलं असं धरता येत नाही. हे वाक्यात मावलं नाही तरी चालतं, पण पानात नसेल तर लेखक आहे त्यापेक्षा जास्त ठाम वाटतो.

शेवटी वहीतली सालं तिन्हींशी ताडून पाहा. मग अंक न वाचलेल्या वर्गमैत्रिणीला आधी नुसतं वाक्य द्या आणि नंतर पान. पान वाचून ती 'अगं, हे तर वाक्याच्या उलट झालं' असं म्हणाली, तर वाक्य पुन्हा लिहायला घ्या.