दिवाळीच्या पैठण्या: पूर्ण साडी आधीच दाखवू नका

हातमागाच्या पैठण्या विकायला आणताय? विक्रीच्या तीन दिवस आधी पहिल्या पोस्टमध्ये फक्त नारळी काठ अगदी जवळून दाखवा. दुसऱ्या दिवशी पदर उलटा करून मोराची मागची बाजू दाखवा. हातविणीत ती पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत. जाणकार बायका इथेच थांबतात; माझ्या मते हीच सगळ्यात दमदार पोस्ट. तिसऱ्या दिवशी किंमत आणि नग स्पष्ट लिहा, ‘किंमत इनबॉक्समध्ये’ म्हटलं की गिऱ्हाईक वैतागतं. पूर्ण साडी विक्रीच्या सकाळीच. सगळे फोटो मात्र खिडकीजवळच्या उजेडात काढा. पिवळ्या दिव्याखाली जांभळा रंग तपकिरी वाटतो आणि मग साडी परत येते.